टायचा रंग शेवटी

आमच्याकडे लग्न ठरलं की पहिली चर्चा हॉलची, दुसरी बँडची आणि तिसरी रंगाची. ब्राइड्समेडचे गाऊन कुठल्या रंगाचे हे ठरलं की त्याच रंगाचे टाय शोधायचे. मग ऑनलाइन एक 'कॉम्बो सेट' सापडतो: टाय, खिशातला रुमाल, कफलिंक, सगळं एका डबीत. पाच मुलगे असले तर पाच डब्या. डबीवर रंगाचं नाव मोठ्या अक्षरात असतं. लांबी-रुंदी मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते आणि ती कुणी वाचत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही उलटी वरात आहे. टाय निवडताना रंग सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी माणसाच्या कॉलरपासून पँटच्या कमरेपर्यंतचं अंतर, मग कोटाची लॅपल, मग शर्टाची कॉलर, आणि एवढं जमल्यावर मरून की नेव्ही ब्लू. हे सांगणारी मी कोण? शाळेत बारा वर्षं इलॅस्टिकचा तयार गाठीचा टाय घातला, त्यापलीकडे टाय मी घातलेला नाही. पण गेल्या डिसेंबरात भावाच्या लग्नात इंचटेप माझ्या हातात आला आणि पाच जणांचे गळे मी मोजले. त्यातले दोन गळे इथे सांगण्यासारखे आहेत.

मराठीत टायला थट्टेने 'कंठलंगोट' म्हणत. भाषाशुद्धीवाल्यांची टर उडवायला हा शब्द वापरला जातो, पण खरं सांगायचं तर आमच्या बेस्टमनच्या गळ्यात पहिल्या दिवशी जे लोंबत होतं त्याला दुसरा शब्द मला सुचला नाही.

बेस्टमन म्हणजे माझा मावसभाऊ. उंची पाच फूट तीन इंच. आमच्या शापायची उंचीही तेवढीच होती, खांदेही तसेच. शापाय तारवटी होते आणि 1974 साली स्वतःच्या लग्नात त्यांनी शिवून घेतलेला करड्या रंगाचा कोट शामायने डांबराच्या गोळ्या घालून अजून ठेवला आहे. तो कोट मावसभावाला अंगावर शिवल्यासारखा बसला. शामायने तो त्याला घातलेला पाहिला आणि ती काही न बोलता आत निघून गेली. त्यामुळे बेस्टमन हाच कोट घालणार हे तिथल्या तिथे ठरलं, त्यावर चर्चाच नव्हती. चर्चा उरली ती टायची, कारण डबीतला टाय या कोटावर चढवला आणि घरातले सगळे हसले. मावसभाऊही हसला, पण त्याने आरशाकडे पाहायचं सोडून दिलं. ठेंगण्या मुलाला कपड्यांवरून हसणं म्हणजे काय हे त्याला शाळेपासून माहीत आहे.

का हसले, ते टेपने कळलं. कोटाची लॅपल मोजायची ती अशी: लॅपल जिथे दुमडते त्या घडीपासून, खाचेच्या खालच्या सगळ्यात बाहेर आलेल्या टोकापर्यंत, सरळ आडवं. शापायच्या कोटाची लॅपल भरली सव्वाचार इंच. टायची रुंदी मोजायची ती त्याच्या पुढच्या पानाच्या सगळ्यात रुंद जागी, म्हणजे टोकाचा त्रिकोण सुरू होतो तिथे. डबीतला टाय होता बरोब्बर दोन इंच. म्हणजे लॅपलच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही बाजूंना सव्वाचार इंचाचे करडे पंख आणि मध्ये रिबन.

टायची रुंदी लॅपलला का जुळवायची, हा नुसता शिष्टाचाराचा नियम आहे असं मला आधी वाटायचं. तसं नाही. कोट घातल्यावर समोरून जो इंग्रजी व्ही आकार दिसतो, त्यात तीन पट्ट्या शेजारी शेजारी असतात: लॅपल, टाय, लॅपल. डोळा त्यांची आपोआप तुलना करतो. त्यातली मधली फार बारीक झाली की उरलेल्या जागेत शर्टाचं पांढरं मैदान दिसतं, आणि छाती आहे त्याहून पसरट भासते. उलट बारीक लॅपलवर रुंद टाय आला की तो लॅपलखाली घुसतो आणि माणूस जेवणाचा नॅपकिन लावून बसल्यासारखा दिसतो. म्हणून ढोबळ हिशोब असा की टायची सगळ्यात रुंद जागा आणि लॅपलची सगळ्यात रुंद जागा यांत अर्ध्या इंचाहून फार फरक नको. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक साध्या कोटांची लॅपल तीन ते साडेतीन इंच असते, आणि साधा टायही तेवढाच रुंद असतो. स्लिम टाय दोन ते अडीच इंचांचा. तो स्लिम लॅपलच्याच कोटावर घालायचा असतो, पण कॉम्बो सेटवाले ते डबीवर लिहीत नाहीत.

लॅपल आणि टाय दोन्ही एकत्रच रुंद होतात आणि एकत्रच आकसतात, हे जुन्या फोटोंत सरळ दिसतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीचे फोटो पाहा, लॅपल बारीक आणि टायही दोरीसारखे. मग साठच्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये मायकल फिश या डिझायनरने प्रचंड रुंद टाय आणले. त्यांना 'किपर टाय' म्हणायचे. किपर म्हणजे उभा चिरून खारवलेला, धुरावलेला मासा, आणि फिश या आडनावावरचा विनोदही त्यात होता. सत्तरच्या दशकात चार-साडेचार इंचांचे टाय सर्रास झाले आणि कोटांच्या लॅपलही तशाच पसरल्या. शापायचा कोट त्याच लाटेतला. 1974 चा कोट आणि आजचा स्लिम टाय एकत्र घालणं म्हणजे दोन वेगवेगळ्या दशकांना शेजारी उभं करून त्यांनी जोडपं दिसावं अशी अपेक्षा करणं.

शापायचा स्वतःचा टायही कोटाच्या खिशात सापडला. टेरिलिनचा, चॉकलेटी, रुंदी साडेचार इंच. तोच घालावा असं सगळ्यांना वाटलं, पण गोव्यातल्या पन्नास पावसाळ्यांनी त्याचं आतलं अस्तर कुजवलं होतं आणि गाठीच्या जागी तो कुडकुडीत झाला होता. बांधायला गेलं तर शिवण उसवली. मात्र मोजण्यासाठी तो फार कामाला आला, कारण त्याची लांबी निघाली फक्त चोपन्न इंच. डबीतल्या टायची लांबी होती अठ्ठावन्न.

इथे मला लांबीचं खरं गणित कळलं. सगळे सांगतात की टाय उंचीप्रमाणे घ्यावा. ते अर्धंच खरं आहे. टायचं टोक पँटच्या पट्ट्यापर्यंत यायला हवं, बकलच्या वरच्या कडेला टेकून किंवा बकल जेमतेम झाकून. म्हणजे मोजायचं अंतर कॉलरच्या बटणापासून पँटच्या कमरेपर्यंतचं. उंची त्याचा फक्त अंदाज देते. आणि पँटची कमर कुठे आहे हे उंचीवर नाही, फॅशनवर असतं. शापायच्या लग्नाच्या फोटोत पँट जवळजवळ बेंबीपर्यंत वर आहे. मावसभावाची रोजची पँट माकडहाडाच्या जरा वर थांबते. माणूस तेवढ्याच उंचीचा, पण मी मोजलं तेव्हा रोजच्या पँटवर हे अंतर अठरा इंच भरलं आणि पँट शापायसारखी वर ओढून धरली तर साडेपंधरा. शापायचा टाय चोपन्न इंचांचा होता तो ते ठेंगणे होते म्हणूनच नव्हे, त्यांची पँट वर होती म्हणूनही.

आता टायचं कापड जातं कुठे ते पाहू. एक भाग मानेभोवती जातो, कॉलरच्या मापाएवढा किंवा अर्धा इंच जास्त. एक भाग गाठ खाते. उरलेल्याचे दोन तुकडे पुढे लोंबतात: पुढचं रुंद पान आणि मागची बारीक शेपटी. मावसभावाची कॉलर पंधराची, म्हणजे मानेला साडेपंधरा इंच. डबीतल्या बारीक टायची साधी फोर-इन-हँड गाठ मी बांधून, खुणा करून, सोडून मोजली तेव्हा तिने सात इंच खाल्ले होते. अठ्ठावन्नातून साडेबावीस गेले, उरले साडेपस्तीस. पान अठरा इंचांवर पट्ट्याला टेकवलं तर शेपटी साडेसतरा. जवळजवळ बरोबरीची. दोन इंचांच्या पानामागे तेवढ्याच लांबीची शेपटी लपत नाही. जरा हलला की बाजूने डोकावते. आणि पँट वर घेऊन पान साडेपंधरावर आणलं की शेपटी वीस इंच, म्हणजे पानाच्या खाली साडेचार इंच. त्याने ती शेपटी पँटमध्ये खोचली होती. हसू आलं ते त्यालाच.

दुसरा गळा याच्या अगदी उलट. भावाचा एक मित्र, सहा फूट दोन इंच, कॉलर सतराची, पोट थोडं पुढे. कॉलरच्या बटणापासून पट्ट्यापर्यंत टेप पोटावरून फिरवत नेला तेव्हा बावीस इंच भरले. टेप हवेत सरळ धरून मोजला असता तर वीस आले असते, आणि तिथेच फसगत होते, कारण टाय हवेतून जात नाही, पोटावरून जातो. त्याला कुणीतरी फोनवर व्हिडिओ दाखवून फुल विंडसर गाठ शिकवली होती. तीच गाठ चांगली, बाकीच्या गावठी, असा त्याचा समज. फुल विंडसरमध्ये पान दोन्ही बाजूंनी वळसे घेतं. त्याच बारीक टायवर तिने अकरा इंच खाल्ले. हिशोब करा: अठ्ठावन्नातून मानेचे साडेसतरा, गाठीचे अकरा, पानाचे बावीस. शेपटी उरली साडेसात इंच.

साडेसात इंच शेपटीने बिघडतं काय, ती तर मागे असते? टायच्या पानाच्या मागच्या बाजूला एक छोटा आडवा पट्टा शिवलेला असतो, बहुधा त्यावरच कंपनीचं नाव असतं. शेपटी त्यातून ओवायची असते, म्हणजे पान आणि शेपटी एकत्र राहतात. या टायचा तो पट्टा टोकापासून दहा इंच वर होता. बावीस इंचांच्या पानावर तो गळ्यापासून बारा इंचांवर येतो. साडेसात इंचांची शेपटी तिथे पोचतच नाही. मग पान मोकळं सुटतं, पंख्याखाली उडतं आणि सूपच्या वाटीत जातं. आमच्याकडे वाटीपर्यंत वेळच आली नाही, रिहर्सललाच ते आगपेटीसारखं फडफडत खांद्यावर गेलं.

त्याच्यावर उपाय दोन होते. एक, गाठ बदलणं. साध्या फोर-इन-हँडने चार इंच परत मिळाले, शेपटी साडेअकरा झाली, पट्ट्याच्या अगदी दारात. दोन, लांब टाय घेणं. उंच माणसांसाठी एकसष्ट ते त्रेसष्ट इंचांचे टाय वेगळे मिळतात. आपल्याकडे दुकानात मागावे लागतात, समोर टांगलेले नसतात. एकसष्टचा घेतला की फोर-इन-हँडवर शेपटी साडेचौदा, म्हणजे पट्ट्यातून आरामात आत. आम्ही तो घेतला. रुंदीही साडेतीन इंच घेतली. सहा फुटांच्या रुंद छातीवर दोन इंचांचा टाय हा उंचीचा नव्हे, छातीचा प्रश्न आहे. माणूस जितका रुंद, तितका बारीक टाय त्याला आणखी रुंद दाखवतो.

फुल विंडसरबद्दल एक गंमत सांगून पुढे जाते. ही गाठ ज्याच्या नावाने ओळखली जाते तो ड्यूक ऑफ विंडसर ती बांधत नव्हता. त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे की त्याच्या गाठी जाड दिसत त्या टायमध्ये जाड अस्तर घालून घेतल्यामुळे. बांधायचा तो साधीच गाठ. म्हणजे गाठीची जाडी वळशांवरच अवलंबून नाही, कापड आणि अस्तरावरही आहे. जाड, विणकाम दिसणाऱ्या टायवर फुल विंडसर बांधली की गळ्याखाली समोसा तयार होतो.

आता कॉलर. कॉम्बो सेटबरोबर सगळ्यांना कटअवे कॉलरचे शर्ट सांगितले होते, कारण फोटोत तशा होत्या. कॉलरचं 'स्प्रेड' म्हणजे वरचं बटण लावल्यावर तिच्या दोन टोकांमधलं अंतर. जुन्या पद्धतीच्या टोकदार कॉलरमध्ये ते तीन इंचांच्या आसपास असतं, मधल्या सेमी-स्प्रेडमध्ये चारच्या आसपास, आणि कटअवेमध्ये सहाच्या घरात जातं; टोकं जवळजवळ खांद्यांकडे पाहतात. कॉलरच्या दोन पानांमध्ये जो उलट्या व्हीचा कोनाडा उरतो, तो गाठीने भरायचा असतो. बारीक टायची बारीक गाठ कटअवेमध्ये ठेवली तर ती मोठ्या दारात लहान मूल उभं असल्यासारखी दिसते; दोन्ही बाजूंना टायचा मानेभोवतीचा पट्टा उघडा पडतो. उलट टोकदार अरुंद कॉलरमध्ये जाड गाठ कोंबली तर कॉलरची टोकं शर्टावरून उचलली जातात आणि हवेत राहतात. गाठ बरोबर आहे का हे आरशात तीन जागी पाहून कळतं: वरचं बटण दिसत नाही ना, कॉलरची टोकं शर्टाला टेकलेली आहेत ना, आणि गाठीच्या बाजूंना टायचा पट्टा उघडा नाही ना.

चौथी जागा मला टेलरने सांगितली. मडगावला मार्केटमागे बसतात ते, शापायचे कोट त्यांच्या वडिलांनी शिवले होते. ते म्हणाले, "बाय, कोट घातल्यावर कॉलरची टोकं लॅपलखाली गेली पाहिजेत. बाहेर राहिली तर शर्ट कोटाचा नाही." सत्तरच्या कोटाची लॅपल रुंद आणि तिची खाच खाली असते, म्हणून त्यावर आखूड टोकांची कॉलर उघडी पडते. मावसभावाचा कटअवे शर्ट रद्द झाला. त्याऐवजी सेमी-स्प्रेड, टोकांमधलं अंतर चार इंच, टोकाची लांबी तीन इंच. टोकांच्या आत घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्यांनी धुताना काढता येतील अशा ठेवल्या; शिवून टाकलेल्या पट्ट्या इस्त्रीत वाकतात.

मग मावसभावाचा टाय. नियमाप्रमाणे सव्वाचार इंच लॅपलला चार इंचांचा टाय हवा. मी तो विरोध करून साडेतीनवर आणला, आणि इथे टेलरचं आणि माझं पटलं नाही. त्यांचं म्हणणं, कोट मोठा तर टाय मोठा. माझं म्हणणं, कोट एक गोष्ट सांगतो आणि अंग दुसरी. साडेपंधरा-सोळा इंचांच्या छोट्या धडावर चार इंचांचं पान लांब न दिसता चौकोनी दिसायला लागतं. पान रुंद आणि आखूड झालं की माणूस आणखी बुटका दिसतो. लॅपल रुंद आहे म्हणून दोन इंच चालणार नाही हे खरं, पण धड छोटं आहे म्हणून चारही चालणार नाही. शिवाय टाय मोजतो तो सगळ्यात रुंद जागी, आणि ती जागा पट्ट्याजवळ असते. कोटाचं बटण लावलं की ती बहुतेक झाकली जाते. व्हीमध्ये दिसतो तो गाठीखालचा निमुळता भाग, साडेतीनच्या टायचाही तिथे दोन-अडीच इंचच भरतो. म्हणून लॅपलशी जुळवणं म्हणजे आकडा आकड्याला लावणं नव्हे. अर्ध्या-पाऊण इंचाची मोकळीक अंगाला द्यायची. टेलर म्हणाले, "तू कोकणी लिहितेस की मराठी?" मी म्हटलं, मराठी. "मग तू वाद घालणारच." हा युक्तिवाद होता की नाही मला अजून कळलेलं नाही.

लांबीचं काम पँटने केलं. शापायची पँट कसरीने खाल्लेली होती, म्हणून टेलरनी त्याच रंगाच्या जवळचं कापड शोधून नवी शिवली, कमर बेंबीच्या दोन बोटं खाली. कॉलरपासून तिथवर साडेसोळा इंच. आता साडेतीन इंच रुंदीचा, नेहमीच्याच अठ्ठावन्न लांबीचा टाय आणला. बारीक टायवर फोर-इन-हँडने सात इंच खाल्ले होते. या जाडसर टायवर हाफ विंडसर बांधली, तिने अकरा घेतले. मानेचे साडेपंधरा, गाठीचे अकरा, पान साडेसोळा, शेपटी पंधरा. शेपटी पानापेक्षा दीड इंच वर, मागच्या पट्ट्यातून ओवलेली, कुठूनच दिसत नाही. आणि हाफ विंडसरची गाठ चार इंचांच्या कॉलरच्या कोनाड्यात बरोबर बसली. ठेंगण्या माणसाने जास्त कापड खाणारी गाठ बांधावी आणि उंच माणसाने कमी खाणारी, ही एवढी साधी गोष्ट आहे, पण आमच्याकडे नेमकी उलट चालली होती, कारण मोठ्या माणसाला मोठी गाठ असं सगळ्यांना वाटतं.

गाठीनेही भागलं नसतं तर टाय कापता आला असता, पण टोकाकडून नाही. चांगला टाय तीन तुकड्यांचा असतो, कापड तिरक्यात कापलेलं. ही पद्धत न्यूयॉर्कच्या जेस्सी लँग्सडॉर्फने 1920च्या दशकात आणली. तिरक्या कापामुळे टाय ताणून सोडला की पुन्हा सरळ होतो, पिळत नाही. टोकाचा त्रिकोण त्या कापाचा भाग असतो, तिथे कात्री लावली की टाय गेला. आखूड करायचा तर मानेमागे येणाऱ्या जोडाजवळ उसवून दोन-तीन इंच काढायचे. जोड कॉलरखाली झाकला जातो. जो टेलर टोकाकडून कापायला निघेल त्याच्याकडून टाय काढून घ्यावा.

रंगाचं काय झालं? होणाऱ्या वहिनीला हे सगळं ऐकून सुरुवातीला वाईट वाटलं. तिने पाच डब्या महिनाभर आधी मागवल्या होत्या. तिचा मुद्दा खोटा नव्हता: फोटोत मुलगे एका सेटचे दिसले पाहिजेत. पण सेट दिसायला रुंदी एक असावी लागत नाही, रंग एक असावा लागतो. पाच फूट तीनच्या आणि सहा फूट दोनच्या मुलांना एकाच मापाचा टाय दिला तर एकाची शेपटी पँटमध्ये आणि दुसऱ्याची हवेत, आणि सगळ्यांची नजर नेमकी त्या फरकावर जाते. माप वेगळं दिलं तर सगळ्यांची टोकं पट्ट्याला टेकतात आणि ओळ एकसारखी दिसते. वहिनीने डबीतला एक टाय घेऊन कापडाच्या दुकानात रंग जुळवला आणि दोन नवे टाय आणले. बाकी तिघांच्या कोटांची लॅपल अडीच इंच होती, त्यांना डबीतलेच टाय छान बसले. ते तिघे पाच फूट सहा ते नऊ या उंचीचे. डबी त्यांच्यासाठीच बनवलेली असते.

लग्नाच्या दिवशी टाय टिकले ते टोस्टपर्यंत. पहिल्या मांडो-नाचात उंच मित्राचा टाय खिशात गेला, मावसभावाने मात्र केक कापून होईपर्यंत गाठ सैल केली नाही. अल्बम आला तेव्हा शामायने चष्मा लावून बेस्टमनचा फोटो बराच वेळ पाहिला. मला वाटलं ती आता रडेल. ती म्हणाली, "कोट चांगला बसलाय. पण टाय बारीक घेतलात गो. तुझ्या शापायचा केवढा रुंद होता."

टेलरना हे मी अजून सांगितलेलं नाही.